अक्कलदाढ काढताना चीर कुठे वळवायची?

खालची डावी अक्कलदाढ पुढच्या दाढेवर तिरकी रेललेली आणि निम्मी हाडात अडकलेली. असा एक्स-रे हाती आला की दंतवैद्यकाचा नवखा विद्यार्थी आधी दाढ कशी तोडायची याचाच विचार करतो. खरं तर आधी ठरवायचं असतं, हिरडी कुठे कापायची ते.

दातांची ओळ पाहून चीर दुसऱ्या दाढेच्या मागे सरळ न्यावीशी वाटते. पण जबड्याचा मागचा उभा भाग त्या ओळीत नसतो, तो गालाकडे फाकलेला असतो. सरळ गेलेलं पातं हाड सोडून जिभेच्या बाजूच्या मऊ भागात उतरतं. तिथे लिंग्वल नर्व्ह असते. काहींमध्ये ती हाडाच्या कडेइतकी वर आलेली असते. ती दुखावली तर जिभेची एक बाजू बधिर होते, चवही जाते. कधी हे काही आठवड्यांत सुधारतं, कधी कायमचं राहतं. म्हणून १५ नंबरचं पातं टेकवण्याआधी बोटाने हाड चाचपायचं आणि चीर गालाकडे वळवायची. पात्याखाली हाड लागत राहिलं पाहिजे.

पुढे ही चीर दुसऱ्या दाढेच्या कडेने नेतात. तेवढ्याने दाढ नीट दिसत नसेल, तर तिथून एक तिरकी चीर खाली आणि पुढे देतात. फ्लॅपला रक्त बुडाकडून मिळतं, त्यामुळे बूड कडेपेक्षा रुंद हवं. दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण मात्र मधोमध चिरायचा नाही.

चीर लहान ठेवली म्हणजे पेशंटला त्रास कमी, हा समज फसवा आहे. जखम लांबीच्या नव्हे, रुंदीच्या दिशेने भरते. अपुरा फ्लॅप ओढून ओढून फाटतो, शिवाय हाड कोरल्यावर त्याची कड खड्ड्यावर लोंबकळते आणि टाके घातले तरी उघडते. कड शाबूत हाडावरच टेकायला हवी.

दाढ निघाली, खड्डा सलाइनने धुतला, की सुई आधी सुट्या फ्लॅपमधून आणि मग स्थिर हिरडीतून घ्यायची, कडेपासून दोनतीन मिलिमीटरवर. जिभेच्या बाजूचा घास उथळच हवा. मज्जातंतू अजून तिथेच आहे! पहिला टाका दुसऱ्या दाढेच्या लगेच मागे, कारण तिथली हिरडी नीट बसली नाही तर पुढे अन्न अडकत राहतं. गाठ चिरेवर न ठेवता बाजूला घ्यायची.

आणि गाठ किती आवळायची? कडा एकमेकींना टेकतील इतकीच. हिरडी पांढरी पडली तर रक्तपुरवठा दाबला गेला असं समजून टाका काढून पुन्हा घालावा. दोनतीन दिवसांत सूज वाढते, तेव्हा असा घट्ट टाका हिरडी कापत बाहेर येतो.

रेशमी टाके साधारण पाच ते सात दिवसांनी काढतात. पेशंट बाहेरगावचा असेल आणि परत येणं अवघड असेल, तर विरघळणारा धागा वापरावा.