पावसाळ्यातले बांधकाम : सिमेंट, वाळू आणि ओली भिंत

सिमेंट खराब व्हायला पोत्यावर पाऊस पडावाच लागतो असे नाही. प्लास्टिकच्या धाग्यांनी विणलेल्या पोत्याला बारीक छिद्रे असतात आणि कोकणातली जुलैची दमट हवा त्यांतून आत शिरते. तेवढ्या ओलाव्यानेही सिमेंट पोत्यातच थोडेथोडे जमू लागते. कोरड्या गोदामातही तीन महिन्यांत त्याची साधारण वीस टक्के ताकद जाते असे धरतात. त्यामुळे पावसाळ्याआधी स्वस्तात मिळाले म्हणून भरपूर सिमेंट भरून ठेवणे हा खोटा फायदा ठरतो. दोन-तीन आठवड्यांच्या कामापुरतीच पोती आणलेली बरी.

पोती जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून सुमारे 60 सेंटिमीटर दूर रचतात. थप्पी दहा पोत्यांपेक्षा उंच नको, नाहीतर खालची पोती दाबाने घट्ट होतात. पोती एकमेकांना चिकटून असावीत, म्हणजे मधून हवा खेळत नाही. पावसाळ्यात थप्पीच्या खालून आणि वरून जाड प्लास्टिक घेऊन ती सगळीच गुंडाळावी. आधी आलेले पोते आधी वापरता यावे म्हणून तारीख खडूने लिहिलेली असावी. पोत्यातला गोळा बोटांनी दाबताच विरघळल्यासारखा भुगा झाला, तर तो फक्त दाबाने बनलेला असतो. न फुटणारा गोळा मात्र जमलेल्या सिमेंटचा असतो. असे गोळे चाळून उरलेले वापरण्याची रीत आहे, पण ते निदान भारवाही कामाला तरी वापरू नये.

वाळूचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते जास्त होते. ढीग उंचवट्यावर करून भोवती पाण्याला वाट काढून द्यावी आणि ताडपत्रीच्या कडा विटांनी दाबाव्यात. उघड्या ढिगातले बारीक कण पावसाने धुऊन खाली जातात आणि तळाशी चिखल साचतो. पण खरा घोळ मापाचा असतो. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, त्यामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. चार-पाच टक्के ओलाव्याला ती कोरड्या वाळूपेक्षा पंचवीस टक्के किंवा त्याहूनही जास्त जागा व्यापते. पाणी आणखी वाढत जाऊन वाळू पूर्ण भिजली, की ती पुन्हा मूळ मापावर येते.

एक पोते सिमेंट म्हणजे सुमारे 35 लिटर, म्हणून त्याच मापाचा फर्मा वापरतात. एकास सहाच्या मालाला पोत्यामागे सहा फर्मे वाळू लागते. किती फुगली आहे ते पाहायला काचेच्या सरळ बरणीत ओली वाळू सैल भरावी. उंची समजा 15 सेंटिमीटर आली. मग पाणी ओतून ढवळावे आणि वाळू बसू द्यावी. आता ती 12 सेंटिमीटर भरली, तर फुगवटा बारावर तीन, म्हणजे पंचवीस टक्के. अशा वाळूचे सहा फर्मे म्हणजे प्रत्यक्षात 4.8 फर्मेच, म्हणून साडेसात घ्यावे लागतात. न घेतल्यास सिमेंट वाया जाते आणि माल आक्रसून चिरा पडतात. दुपारी मोठी सर येऊन तीच वाळू चिंब झाली आणि गवंडी साडेसातच टाकत राहिला, तर माल एकास साडेसात होतो, म्हणजे कमकुवत. त्यामुळे ही चाचणी रोज सकाळी आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर करावी लागते. दोन-तीन मिनिटांचे काम आहे, तरी साइटवर ते क्वचितच दिसते. भिजलेली वाळू स्वतःबरोबर पाणीही आणते, तेव्हा वरून घालायचे पाणी नेहमीच्या मापाने न ओतता माल पाहत पाहत कमी करावे.

ताज्या भिंतीचा सर्वांत कच्चा भाग वरचा असतो. चिंब विटा मालातले पाणी शोषत नाहीत, माल पातळच राहतो आणि वरच्या वजनाने विटा सरकतात. म्हणून विटांचा ढीगही झाकावा आणि दिवसाला एरवीची एक मीटर उंचीही गाठण्याचा हट्ट धरू नये. काम थांबताच भिंतीच्या माथ्यावर प्लास्टिक टाकून दोन्ही बाजूंना अर्धा मीटर खाली सोडतात आणि वर विटा ठेवतात. परांचीची भिंतीलगतची फळी रात्री उभी करून ठेवली, तर तिच्यावरून उडणारे शिंतोडे सांध्यांवर येत नाहीत.

सरीनंतर भिंतीवर करडे ओघळ दिसले, तर सांध्यातले सिमेंट वाहून गेलेले असते. दुसऱ्या दिवशी सांधा खिळ्याने खरडून पाहावा. नुसती वाळू झडत असेल, तर घट्ट माल लागेपर्यंत सांधा कोरून नव्या मालाने भरावा. माथ्यावरचा माल विटेखालूनच धुतला गेला असेल, तर ते थर उतरवून, विटा साफ करून पुन्हा बांधावे लागतात.