प्रकल्पाला १६ पैकी ११

पालकहो, सातवीच्या ‘घरातला पाणीवापर’ या प्रकल्पाला गुण देताना माझ्यासमोर रुब्रिक, म्हणजे निकषांचा तक्ता असतो. नोंदी, मांडणी, निष्कर्ष आणि तोंडी उत्तरे, प्रत्येकी ४ गुण. एका मुलीचा फलक सुबक होता, म्हणून मांडणीला ४. नोंदी मात्र आठवड्याऐवजी ४ दिवसांच्याच, म्हणून २. ‘पाणी वाचवा’ हा निष्कर्ष तिच्या आकड्यांतून निघतच नव्हता, तिथे १. तोंडी उत्तरे नेमकी, पुन्हा ४. एकूण ११. यातला १ म्हणजे नापास नव्हे. आकड्यांवरून अनुमान काढणे अजून जमलेले नाही, एवढेच. (थर्माकोलच्या सजावटीला वेगळा रकाना नाही, हेही सांगून ठेवते.) बेरजेआधी रकाने वाचा, शंका असल्यास नोंदवही घेऊन भेटा.