शंभर रुपयांतले पाच कुणाच्या वाट्याला?

‘रिटेल उद्योगाचं पोर्टरच्या पाच शक्तींनुसार विश्लेषण करा’ असा प्रश्न आला की उत्तरपत्रिकेत पाच मथळे पडतात आणि प्रत्येकापुढे ‘जास्त’ किंवा ‘कमी’ लिहिलं जातं. मायकेल पोर्टर यांनी 1979 साली ही चौकट मांडली, ती मात्र या उद्योगातला नफा शेवटी कोण ओढून नेतं हे शोधण्यासाठी.

डीमार्टचं उदाहरण घ्या. 2023-24 मध्ये कंपनीची विक्री सुमारे 50 हजार कोटी रुपयांची होती आणि निव्वळ नफा सुमारे अडीच हजार कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे पाच रुपये उरले. बाकीचे कुठे गेले, ते पाच शक्ती सांगतात.

सर्वांत मोठा दबाव ग्राहकाचा. तेलाची तीच पिशवी, तीच छापील किंमत सगळीकडे असते आणि दुकान बदलायला त्याला काहीच खर्च येत नाही. म्हणून भाव पाडावाच लागतो. तो परवडावा म्हणून डीमार्ट शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान थाटतं आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून माल स्वस्तात घेतं.

पुरवठादारांना एकाच मापाने मोजू नये. डाळ-तांदळाचे व्यापारी पुष्कळ, त्यामुळे तिथे दुकानदार वरचढ ठरतो. पण सर्फ एक्सेल फळीवर नसेल तर गिऱ्हाईक नाराज होतं, तिथे हिंदुस्तान युनिलिव्हरचं पारडं जड.

नवीन स्पर्धकाचंही तसंच. किराणा दुकान कुणीही काढू शकतो, पण शेकडो दुकानांची साखळी उभारायला जमीन आणि भांडवल लागतं. हा अडसर ब्लिंकिट, झेप्टो यांनी वळसा घालून पार केला. ग्राहकासाठी दुकान न उघडता त्यांनी वस्तीजवळ छोटी गोदामं घेतली. मोठ्या महानगरांतल्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतोय, हे ऑक्टोबर 2024 मध्ये डीमार्टनेच सांगितलं.

इथेच विद्यार्थी चुकतात आणि ब्लिंकिटला ‘पर्यायी उत्पादन’ म्हणतात. उद्योग ‘किराणा विक्री’ असा धरला तर ब्लिंकिट तोच माल विकतं, म्हणून ते प्रतिस्पर्धी ठरतं. पर्याय म्हणजे तीच गरज वेगळ्या वस्तूने भागवणं, जसं घरी स्वयंपाक न करता खाणावळीचा डबा लावणं. उद्योगाची व्याख्या ‘सुपरमार्केट’ एवढीच केली, तर मात्र ब्लिंकिट पर्यायात बसू शकतं. म्हणून उत्तराच्या पहिल्याच ओळीत उद्योगाची हद्द आणि ठिकाण लिहावं.

ठिकाण यासाठी, की मुंबईत दहा मिनिटांच्या घरपोच सेवेमुळे स्पर्धा तीव्र आहे. ही सेवा जिथे पोचलेली नाही अशा तालुक्याच्या गावी खरी लढत उधारी देणाऱ्या शेजारच्या वाण्याशी असते, आणि उधारीपुढे सवलतीचं शस्त्र बोथट पडू शकतं.