४७ धडे आणि आठ आठवडे

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी सायन्सला फिजिक्सचे १६, केमिस्ट्रीचे १६ आणि बायोलॉजीचे १५ धडे आहेत. लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धरली, तर डिसेंबरच्या मध्यापासून आठ आठवडे हाती राहतात. पण शेवटचे तीन आठवडे अखंड मिळत नाहीत. त्याच सुमारास प्रॅक्टिकल परीक्षा येतात, आणि जर्नलवरच्या सह्या, व्हायव्हाची तयारी, कॉलेजच्या खेपा यांत दिवस जातात. म्हणून ४७ धडे आठ आठवड्यांवर सारखे वाटलेलं वेळापत्रक सहाव्या आठवड्यात कोलमडतं.

धडे वाटायचे ते पाच आठवड्यांवर. दोन दिवसांत तिन्ही विषयांचा एकेक धडा घेतला, तर सोमवार ते शनिवार नऊ धडे होतात. पाच आठवड्यांत बायोलॉजी संपतं आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचा एकेक धडा उरतो. मागे ठेवायला सेमीकंडक्टर आणि ग्रीन केमिस्ट्री बरे. डायोडचा अभ्यास प्रॅक्टिकलच्या दिवसांत तसाही उपयोगी पडतो.

रविवारी नवा धडा नाही. त्या दिवशी पुस्तक मिटून आठवड्यातले नऊही धडे तपासायचे. फिजिक्सचं एक डेरिव्हेशन कोऱ्या कागदावर लिहायचं, बायोलॉजीची आकृती नावांसकट काढायची आणि केमिस्ट्रीचं न्यूमेरिकल सोडवायचं. नुसतं पुन्हा वाचलं की ओळखीचा मजकूर पाठ झाल्यासारखा वाटतो; तो भ्रम कोरा कागद मोडतो.

उदाहरण ‘सोल्युशन्स’ या धड्याचं घेऊ. एक किलो पाण्यात १८ ग्रॅम ग्लुकोज विरघळवलं तर गोठणबिंदू किती उतरेल? ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणजे हे ०.१ मोल झाले. पाण्याचा स्थिरांक १.८६ धरून उत्तर येतं ०.१८६ अंश. आता ग्लुकोजऐवजी ०.१ मोल मीठ घेतलं आणि विद्यार्थ्याने पुन्हा ०.१८६ लिहिलं, तर त्याचा गुणाकार चुकलेला नाही. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, हे तो विसरला आहे. पूर्ण विघटन धरलं तर उत्तर दुप्पट, म्हणजे ०.३७२ हवं. अशा वेळी अख्खा धडा पुन्हा वाचत बसू नये. व्हॅन्ट हॉफ गुणकाचं पान उघडावं, त्यावरची तीन न्यूमेरिकल सोडवावीत आणि ती चूक वहीत टिपून पुढच्या रविवारी तसाच प्रश्न पुन्हा घ्यावा.

सहाव्या आठवड्यात उरलेले दोन धडे आणि प्रयोग येतात. सातव्या-आठव्यात प्रॅक्टिकलमधून मोकळ्या राहिलेल्या दिवशी ७० गुणांचा पूर्ण पेपर तीन तास घड्याळ लावून सोडवायचा. दोन आणि तीन गुणांच्या प्रश्नांत बारापैकी आठच लिहायचे असतात. त्यामुळे सुरुवातीलाच पेपर वाचून आठ प्रश्न निवडायची सवयही इथेच लागते. पेपर तपासला की चुकांची वही पुन्हा उघडायची: जी चूक दुसऱ्यांदा झाली, तिचा धडा दुसऱ्या दिवशी सकाळी.