बी ताटलीत, बेदाणे मुठीत

माझ्या सासऱ्यांना साखर आहे, आणि चारच्या चहाबरोबर गोड लागतं. बिस्किटं बंद झाल्यावर त्यांनी खजूर आणि बेदाण्यांवर तडजोड केली. काय आणि किती खाल्लं हे फोनमधल्या ॲपमध्ये लिहायचं, एवढीच घरच्यांची अट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. "अगं, चार खजुरांचे दोनशे चौसष्ट कॅलरी? मी काय पेढे खाल्ले का?"

ॲप खोटं बोलत नव्हतं. त्यातला 'एक खजूर' मेडजूल जातीचा होता. हा अंगठ्याएवढा गुबगुबीत खजूर बी काढल्यावरही साधारण २४ ग्रॅम भरतो आणि एकटाच ६६ कॅलरी देतो. अप्पांच्या डब्यातला खजूर बाजारातला साधा, मेडजूलच्या निम्म्याहून लहान. खजुराची नोंद चुकते ती बहुधा इथेच. नगावर लिहायचं तर कुठला नग, हे आधी ठरायला हवं, आणि ते ठरवत बसण्यापेक्षा वजन करणं सोपं.

मग प्रश्न आला बियांचा. पोषणाच्या तक्त्यांतले आकडे शंभर ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे असतात, म्हणजे बी वगळून. खजुरात बी साधारण दहा टक्के धरतात, पण ते जातीवर अवलंबून असतं. लहान, सडपातळ खजुरात तिचा वाटा वाढतो, गरदार खजुरात कमी होतो. म्हणून मी अंदाज सोडला आणि बियाच मोजल्या. रिकामी ताटली काट्यावर ठेवून शून्य केलं, चार खजूर ठेवले : ४१ ग्रॅम. अप्पांनी ते खाल्ले आणि चारही बिया त्याच ताटलीत टाकल्या : ४ ग्रॅम. पोटात गेले ३७. शंभर ग्रॅमला साधारण २८० कॅलरी आणि ७५ ग्रॅम कर्बोदकं धरली, तर हे झाले १०४ कॅलरी आणि २८ ग्रॅम कर्बोदकं.

बिया एकत्र मोजायच्या, हे महत्त्वाचं. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमचे अंश दाखवत नाही, त्यामुळे एकटी बी ठेवली तर कधी शून्य, कधी एक. दुसरी खोड म्हणजे खाणं लांबलं की काटा आपोआप बंद होतो आणि ताटलीचं शून्य विसरतो. तेव्हा रिकाम्या ताटलीचं वजन आधीच कागदावर लिहून ठेवावं.

बिनबियांचा खजूर घेतला तर हा खटाटोप उरत नाही. जेवढं वजन, तेवढी नोंद. तिथे सवयीने दहा टक्के वजा करणारेही मी पाहिलेत, आणि ती सूट फुकटची आहे. बिनबियांच्या पुड्यातही एखादी चुकार बी निघते, पण तिच्याकडे दाताच्या काळजीने बघावं, हिशेबाच्या नव्हे.

आता खरं सांगते. बियांसकट ४१ ग्रॅम लिहिले असते, तरी चूक अकरा कॅलरींची झाली असती. घोळ होता तो दुसऱ्या हातात. अप्पा तासगावचे बेदाणे मुठीने घेत आणि 'एक चमचा' लिहीत. ॲपचा तो चमचा १५ ग्रॅमचा, म्हणजे ४५ कॅलरी. मी त्यांची मूठ काट्यावरच्या वाटीत रिकामी करायला लावली : ३४ ग्रॅम. बेदाण्यांत शंभर ग्रॅमला तीनशेच्या आसपास कॅलरी आणि ७९ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे ती मूठ १०२ कॅलरींची, २७ ग्रॅम कर्बोदकांची. चार खजुरांएवढीच! अप्पा मुठीकडे बघतच राहिले.

वाटीवरही भरवसा नको. तोच कप बेदाण्यांनी सैल भरला तर १४५ ग्रॅम, दाबून भरला तर १६५. मी आता वाटी सोडून अख्खा डबाच काट्यावर ठेवते, शून्य करते आणि हवे तेवढे काढते. काटा उणे २० दाखवतो, तीच नोंद.

काळ्या मनुकांच्या बिया चावून खात असाल तर काहीच वजा करू नका, थुंकून टाकत असाल तर खजुराचाच उपाय. भिजवलेल्या मनुकांचं वजन मात्र भिजवण्याआधी करायचं. रात्रभर पाणी पिऊन त्या जड होतात, आणि ॲपमध्ये सुक्या मनुकांच्या नावाखाली ते पाणीही साखर म्हणून मोजलं जातं. थोडी साखर पाण्यात उतरते, पण ते पाणीही पीत असाल तर सुकं वजन बरोबरच आहे.

अप्पांनी आता बेदाणे वीस ग्रॅमवर आणलेत आणि खजूर दोनावर. बिया अजून ताटलीतच टाकतात, पण मोजत नाहीत. "त्या अकरा कॅलरी," म्हणतात, "माझ्याकडून तुला."