पोच आधी, संदेश मागाहून

संकेतस्थळावर अर्ज क्र. ४१७ दाखल झाला, असे समजू. अर्जदाराला लघुसंदेश पाठविण्यास ३ सेकंद लागत असतील, तर तेवढा वेळ त्याला पडद्यापुढे ताटकळावे लागते. म्हणून अर्जाची नोंद होताच संदेशाचे काम ‘रेडिस’ या संगणकाच्या स्मृतीत चालणाऱ्या साठ्यातील रांगेत `LPUSH` या आज्ञेने ठेवतात व अर्जदाराला पोच लगेच देतात. रांगेतील काम उचलून संदेश पाठविणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमला ‘वर्कर’ म्हणतात.

वर्करने `BRPOP` या आज्ञेने काम उचलले की ते रांगेतून नाहीसे होते. त्याच क्षणी वर्कर बंद पडल्यास ४१७ चा संदेश कायमचा हरवतो. यास्तव `BLMOVE` या आज्ञेने काम ‘चालू कामां’च्या यादीत हलवावे आणि संदेश गेल्यावरच तेथून काढावे. त्या यादीत रेंगाळलेले काम पुन्हा रांगेत घालता येते. मात्र संदेश गेल्यानंतर, पण काम यादीतून काढण्यापूर्वी वर्कर थांबला, तर तोच संदेश दोनदा जाईल. दोनदा गेलेला संदेश खपतो. न गेलेल्या संदेशामुळे अर्जदाराची मुदत चुकू शकते.

`LLEN` ही आज्ञा रांगेची लांबी सांगते. ती सतत वाढू लागली, तर वर्कर बंद आहेत अथवा अपुरे पडत आहेत, असे समजावे.