साक्षांकित प्रत म्हणजे नेमके काय?

सरकारी खात्यातल्या किंवा संशोधन संस्थेतल्या इंटर्नशिपची अधिसूचना हाती आली, की मुले आधी विद्यावेतनाचा आकडा शोधतात. मी म्हणेन, आधी दोन ओळी शोधा. शेवटची तारीख अर्ज पाठवण्याची आहे की पोहोचण्याची, ही पहिली. पोहोचण्याची असेल तर त्याच दिवशी केलेले स्पीड पोस्ट वाया जाते. दुसरी ओळ कागदपत्रांची: प्रती स्वसाक्षांकित हव्यात की राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित?

केंद्र सरकारने 2014 मध्ये स्वसाक्षांकनावर भर दिल्यापासून बहुतेक ठिकाणी अर्जदाराची सही चालते आणि मूळ कागद शेवटी तपासतात. पण अधिसूचनेत राजपत्रित अधिकारी म्हटले असेल, तर तेच करावे लागते.

समजा, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी अर्ज करते आहे. ती प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स काढते. मागे श्रेणीचे कोष्टक छापलेले असेल तर मागची बाजूही. स्वसाक्षांकन असेल तर प्रत्येक पानावर ‘मूळ प्रतीप्रमाणे सत्य प्रत’ असे लिहून सही, नाव, तारीख. अधिकाऱ्याकडे जायचे असेल तर मूळ गुणपत्रिका सोबत हवीच, कारण ती पाहिल्याशिवाय त्याने सही करणे अपेक्षित नाही. सहीखाली नाव, पदनाम आणि कार्यालयाचा शिक्का स्पष्ट उमटला आहे ना, हे तिने तिथेच उभे राहून पाहावे. नुसता गोल शिक्का असेल, तर सही कोणाची हे छाननी करणाऱ्याला कळत नाही.

महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र मागितले असेल, तर ते मात्र पहिल्याच दिवशी मागावे. प्राचार्यांची सही आणि जावक क्रमांक मिळण्यात दिवस जातात.